आभाराच्या पत्रातला दुसरा परिच्छेद

डेट्रॉइटच्या उत्तरेला मिशिगन राज्यातलं ट्रॉय हे मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचं गाव. बिग बीव्हर रोडच्या दोन्ही बाजूंच्या काचेच्या इमारतींत आणि आसपासच्या तांत्रिक केंद्रांत त्यांची कार्यालयं आहेत. चाकण, नाशिक किंवा औरंगाबादच्या कारखान्यात चार-पाच वर्षं काढून अमेरिकेत एमएस केलेली मराठी मुलंमुली इथेच मुलाखतींना येतात. भारतीय टेंपलच्या आवारात किंवा मंडळाच्या गणपतीत नोकरीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: मुलाखत झाल्यावर आभाराची ईमेल पाठवायची का? जुनी जाणती माणसं ‘पाठवच’ म्हणतात, आणि विषय तिथेच थांबतो. त्या ईमेलमध्ये लिहायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. लिहिणाराही मग इंटरनेटवरचा एखादा नमुना उचलतो, कंपनीचं नाव बदलतो आणि पाठवून मोकळा होतो.

या ईमेलबद्दल आपल्याला जो संकोच वाटतो, त्याचं मूळ साधं आहे. सरकारी भरतीत मुलाखतीनंतर मुलाखत मंडळातल्या सदस्याशी संपर्क साधणं हा गैरप्रकार धरला जातो. संघ लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत तर कोणत्याही मार्गाने वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशी स्पष्ट अट असते. खासगी कंपन्यांत मुलाखत घेणाऱ्याचं पूर्ण नावही पुष्कळदा कळत नाही. एचआर ‘कळवू’ म्हणते आणि आपण वाट बघतो. अशा वातावरणातून आलेल्याला मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरला पत्र लिहिणं लाळघोटेपणाचं वाटलं तर नवल नाही.

अमेरिकेत ही रीत रुजवण्यात एका पुस्तकाचा मोठा वाटा आहे. रिचर्ड बोल्स हे धर्मोपदेशक. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची स्वतःची जागा खर्चकपातीत गेली होती. नोकरी शोधणाऱ्यांसाठी त्यांनी ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’ हे पुस्तक १९७० मध्ये आधी स्वखर्चाने छापलं, १९७२ मध्ये ते रीतसर प्रकाशित झालं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. मुलाखतीनंतर भेटलेल्या प्रत्येकाला आभाराची चिठ्ठी पाठवा, हा त्यातला आग्रहाचा सल्ला. तेव्हा ती हाताने लिहून पोस्टाने जायची. आता ईमेल जाते, आणि निर्णय लवकर होत असल्याने पोस्टाची चिठ्ठी पोहोचेपर्यंत जागा भरलेलीही असते.

या रिवाजावर मोठी खडाजंगी २०१९ मध्ये झाली. बिझनेस इनसायडरच्या संपादिका जेसिका लीबमन यांनी लिहिलं की, आभाराची ईमेल न पाठवणाऱ्याला त्या सहसा घेत नाहीत. त्यावर टीकेची झोड उठली. ही चाचणी कामाची नाही, घरच्या वळणाची आहे, असा टीकाकारांचा मुद्दा होता. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कार्यालयीन नोकरीला लागतंय, किंवा जो दुसऱ्या देशातून आलाय, त्याला हा अलिखित नियम ठाऊक असेलच असं नाही. मला ही टीका पटते. पण ती मालकांना उद्देशून आहे. उमेदवाराला तिचा उपयोग नाही. नियम अन्यायाचा आहे म्हणून पत्र न पाठवणाऱ्याचं नुकसान त्यामुळे टळत नाही.

पुराव्याकडे पाहिलं तर नुसत्या आभाराची बाजू तशी लंगडी आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आपल्यावर उपकार केलेल्या व्यक्तीला कृतज्ञतेचं पत्र लिहायला सांगितलं होतं. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, ही लिहिणाऱ्यांची भीती प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाली, आणि वाचणाऱ्याला होणारा आनंद त्यांनी कमी धरला होता. संकोच घालवायला हे पुरेसं आहे. पण तिथे नोकरी पणाला नव्हती आणि पत्र लिहिणारा काही मागतही नव्हता. तेव्हा त्या निष्कर्षावरून ‘पत्र पाठवलं की नोकरी मिळते’ म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठण्यासारखं झालं.

खरा प्रश्न वेगळा आहे. निर्णय जिथे होतो, तिथवर या पत्रातलं काही पोहोचतं का? ट्रॉयमधल्या मध्यम किंवा मोठ्या कंपनीत साधारण असं चालतं. आधी भरती पाहणारी व्यक्ती फोनवर बोलते. मग हायरिंग मॅनेजर, त्यानंतर एकाच दिवसात चार-पाच जण, प्रत्येकी पाऊण तास. प्रत्येक जण भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपलं मूल्यांकन भरतो: ठरलेल्या मुद्द्यांवर गुण आणि खाली दोन ओळींचा शेरा. एक-दोन दिवसांत सगळे अर्धा तास एकत्र बसतात आणि उमेदवारांची तुलना करतात. जिथे मुलाखत काटेकोर आखलेली असते, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुणांची तीच पट्टी, तिथे नंतर आलेल्या पत्राला गुण देण्याची सोयच नसते, आणि ते योग्यच आहे. पण एकत्र बसल्यावर दोन उमेदवार जवळपास सारखे निघाले तर कुणीतरी म्हणतं, ‘तिने नंतर त्या अमुक गोष्टीबद्दल लिहिलं होतं, मुद्दा बरोबर होता.’ पत्राला वाव मिळतो तो या एका वाक्यापुरता. ‘तिने छान आभार मानले’ हे वाक्य त्या खोलीत कुणी बोलत नाही.

म्हणून पत्रातला पहिला परिच्छेद आभाराचा असावा आणि तो दोन ओळींत आटपावा. काम दुसऱ्या परिच्छेदाचं आहे. मुलाखतीत न निघालेला किंवा निघून अर्धवट राहिलेला एक मुद्दा त्यात असावा, आणि मॅनेजरला तो आपल्या तोंडाने एका वाक्यात दुसऱ्याला सांगता यावा.

असा मुद्दा शोधताना बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी पाहतात. मुलाखतीत सांगायचं राहिलेलं आपलं एखादं कर्तृत्व, एखादं प्रमाणपत्र, एखादा पुरस्कार आठवतो आणि तेच पत्रात जातं. ते रिझ्युमेत आधीच आहे. ते तिथे वाचूनच तर तुम्हाला बोलावलं होतं. मुद्दा आपल्या बाजूला नसतोच, समोरच्याच्या बाजूला असतो. मुलाखत घेणारा ओघात आपल्या कामातली एखादी डोकेदुखी बोलून जातो. ती त्याने प्रश्न म्हणून विचारलेली नसते, त्यामुळे आपणही ती सोडून देतो आणि पुढच्या प्रश्नाच्या तयारीला लागतो. मुलाखतीतून बाहेर पडल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, ही वाक्यं कागदावर उतरवली तर ती सापडतात. रात्री बसून आठवली तर आपलीच उत्तरं आठवतात, त्याची वाक्यं नाही.

एक उदाहरण पुरतं सोडवून पाहू. उमेदवार कल्पित आहे, अडचण मात्र कारखान्यात खरोखर येणारी आहे. जागा आहे सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची, म्हणजे बाहेरच्या पुरवठादाराकडून येणाऱ्या भागांची गुणवत्ता सांभाळायची. उमेदवार चाकणला ॲल्युमिनियमच्या डाय-कास्ट भागांवर काम करून आलेली. मुलाखतीत तिला पीपॅप विचारलं, एट-डी विचारलं, पुरवठादार ऐकत नसेल तर काय कराल हे विचारलं. तिने उत्तरं बरी दिली. या शेवटच्या प्रश्नाच्या ओघात मॅनेजर म्हणाला, ‘हिवाळ्यात एका हाउसिंगचं आमचं आणि पुरवठादाराचं भांडण ठरलेलं. लीक टेस्टमध्ये आमच्याकडे नापास, तो म्हणतो त्याच्याकडे पास. आणि आम्ही दुपारी पुन्हा लावली की त्यातली बरीच पास होतात.’ मग घड्याळ पाहून तो पुढच्या विषयाकडे वळला.

हा मुद्दा तिच्या हातात आला, कारण त्यामागचं भौतिकशास्त्र तिला ठाऊक होतं. अशी चाचणी पुष्कळदा दाबाच्या घसरणीवर चालते. भागात हवा भरायची, झडप बंद करायची, काही सेकंद थांबायचं आणि दाब किती उतरला ते पाहायचं. पण बंद जागेतल्या हवेचा दाब गळतीनेच उतरतो असं नाही. हवा थंड झाली तरी तो उतरतो. आत दोन बार निरपेक्ष दाब असेल आणि हवेचं तापमान एक अंश सेल्सिअसने उतरलं, तर दाब सुमारे ६८० पास्कलने घटतो. एक दशांश अंश उतरला तरी सुमारे ७० पास्कल. आणि नापास ठरवण्याची मर्यादा कित्येकदा याच आसपास, काही दहा किंवा शंभर पास्कलची असते. मिशिगनच्या जानेवारीत रात्रभर ट्रेलरमध्ये गोठलेलं हाउसिंग सकाळी थेट यंत्रावर लावलं, तर आत भरलेली हवा धातूला लागून थंड होते, दाब उतरतो आणि चांगला भाग गळका ठरतो. दुपारपर्यंत तोच भाग शेडमध्ये ऊबेला आला की पास होतो.

याची उलट बाजू जास्त धोक्याची. धुलाई यंत्रातून गरम निघालेला भाग लगेच लावला तर आतली हवा तापते, दाब चढतो आणि खरी गळती झाकली जाऊन खराब भाग पास होऊ शकतो. मग हे मोजमापाच्या तपासणीत का सापडत नाही? कारण गेज आर अँड आर करताना घेतलेले भाग बहुधा तासन्‌तास त्याच खोलीत पडलेले असतात. यंत्र त्यांच्यावर उत्तम वागतं. अहवाल स्वच्छ येतो आणि सगळे पुन्हा पुरवठादाराच्या कास्टिंगमधल्या सच्छिद्रतेवर घसरतात.

तिचं पत्र इंग्रजीत जाईल. मराठीत त्याचा मजकूर साधारण असा:

‘आज दुपारी वेळ दिल्याबद्दल आभार. पुरवठादाराशी बोलणी कशी चालतात ते तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत, त्यामुळे या जागेचं काम मला नीट कळलं.

हिवाळ्यात नापास होणारी आणि दुपारी पास होणारी हाउसिंग तुम्ही सांगितली होती, त्यावर तेव्हा बोलायचं राहिलं. आधीच्या कामात असाच नमुना पाहिला होता. तिथे भागाचं तापमान हे एक कारण निघालं: थंड भागात हवा थंड होऊन दाब उतरत होता. तुमच्याकडे हे तपासून झालंही असेल. नसेल तर नापास भागांच्या नोंदीत चाचणीच्या वेळचं भागाचं आणि खोलीचं तापमान हे दोन रकाने आठवडाभर वाढवले तरी कळू शकेल. यंत्राच्या आर अँड आरमध्ये हे दिसत नाही, कारण ते भाग खोलीच्या तापमानाला आलेले असतात.

पुढच्या टप्प्यासाठी माझ्याकडून काही हवं असल्यास जरूर कळवा.’

या पत्रात काय नाही ते पाहण्यासारखं आहे. ‘मी अत्यंत उत्सुक आहे’ नाही. आधीच्या कंपनीचं नाव, ग्राहकाचं नाव, नापास भागांची टक्केवारी, यंत्राची सेटिंग यांपैकी काहीही नाही. हे मुद्दाम गाळलं आहे. गुप्ततेच्या करारावर सही करून आलेल्या इंजिनिअरने जुन्या मालकाचे आकडे पत्रात लिहिले तर नव्या मालकाला त्यातून एकच गोष्ट कळते: उद्या आमचेही बाहेर जातील. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची ही दुनिया तशी लहान आहे. आज समोर बसलेला मॅनेजर परवापर्यंत तुमच्या जुन्या मालकाच्या ग्राहकाकडे असू शकतो.

‘तुमच्याकडे हे तपासून झालंही असेल’ हे वाक्य मात्र काढू नये. पाऊण तासाच्या गप्पांवरून दुसऱ्याच्या कारखान्याचं निदान करता येत नाही. कारण सील झिजल्याचं असेल, फिक्श्चर नीट आवळत नसेल, पुरवठादाराचा चाचणी-दाबच वेगळा असेल. म्हणून मुद्दा निदानाचा न ठेवता तपासणीचा ठेवावा: कमी खर्चाची, आठवड्यात होणारी, हो किंवा नाही सांगणारी. ‘तुमची चाचणी चुकीची आहे’ असं लिहिलं की तोच मुद्दा उर्मटपणा होतो, आणि ज्याने ती चाचणी बसवली तो कदाचित त्याच पॅनेलवर असतो.

लांबीचंही तेच. पंधराएक ओळींच्या पुढे गेलेली ईमेल फोनवर वाचली जात नाही. काही जण सोबत दहा स्लाइडचं सादरीकरण जोडतात. कुणी मागितलेलं नसताना केलेलं फुकटचं काम पाहून समोरच्याला कौतुकापेक्षा अवघडलेपण जास्त येतं, आणि काही कंपन्यांची कायदा शाखा बाहेरच्याने पाठवलेल्या कल्पना उघडूही देत नाही.

वेळ चुकली तर बाकी सगळं व्यर्थ. मुलाखतीच्या संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र जायला हवं, कारण मूल्यांकन त्याच दिवशी भरलं जातं आणि बैठक लगेच होते. पत्ता नसेल तर अंदाजाने आडनाव आणि कंपनीचं डोमेन जोडून पाहू नये. मुलाखतीच्या कॅलेंडर आमंत्रणात बहुधा पत्ते असतात. नसल्यास भरती पाहणाऱ्या व्यक्तीला पत्र देऊन ‘कृपया पुढे पाठवा’ म्हणावं. चार जणांनी मुलाखत घेतली असेल तर चौघांना एकच मजकूर धाडणं हा हमखास फसणारा प्रकार. ते एकमेकांच्या शेजारी बसतात. लीक टेस्टचा मुद्दा ज्याने काढला त्यालाच लिहावा. बाकीच्या तिघांना त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातली एक खूण ठेवून दोन ओळी पुरेत. प्रत्येकासाठी वेगळा तांत्रिक मुद्दा शोधत बसलं की तिसऱ्यापासून ओढाताण दिसू लागते.

ट्रॉयमध्ये याला एक स्थानिक फाटा आहे, तो कंत्राटी जागांचा. विल्यम रसेल केली यांनी १९४६ मध्ये डेट्रॉइटला तात्पुरते कर्मचारी पुरवणारी कचेरी काढली. ‘केली गर्ल’ म्हणून गाजलेली ती संस्था पुढे केली सर्व्हिसेस झाली आणि तिचं मुख्यालय ट्रॉयमध्येच आलं. मोटार उद्योगात अशा संस्थांमार्फत भरल्या जाणाऱ्या इंजिनिअरिंगच्या जागा भरपूर असतात. तिथे मुलाखत ग्राहक-कंपनीचा मॅनेजर घेतो, पण उमेदवार असतो संस्थेचा. उमेदवाराने ग्राहकाला परस्पर लिहिलेलं संस्थेला सहसा आवडत नाही. पगाराचं बोलणं परस्पर सुरू होईल अशी त्यांना धास्ती असते. तेव्हा आधी संस्थेतल्या माणसाला विचारावं आणि पत्र त्याच्या हातून जाऊ द्यावं. तो आभाराचा परिच्छेद गाळेल, पण तांत्रिक मुद्दा बहुतेक पुढे पाठवेल, कारण माणूस लागला तर कमाई त्याचीही आहे.

व्हिसाचं काय, हा प्रश्न आपल्या लोकांत लगेच येतो. मुलाखतीत तो निघाला नाही, तर पत्रात ‘राहून गेलेला मुद्दा’ म्हणून घालावा का? हायरिंग मॅनेजरच्या पत्रात घालू नये. त्याला त्यातलं फारसं कळत नाही, आणि लीक टेस्टच्या शेजारी ओपीटी लिहिलं की त्याला ओपीटीच लक्षात राहतं. अर्जात प्रायोजकत्वाचा प्रश्न असतो, तिथे खरं उत्तर द्यावं. मात्र भरती पाहणारी व्यक्ती ‘तुमचं ओपीटी वर्षात संपतंय’ म्हणून अडखळली असेल, तर तिला वेगळ्या ईमेलमध्ये लिहिण्यासारखी नेमकी गोष्ट आहे: मान्यताप्राप्त विज्ञान-तंत्रज्ञान पदवीवर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते, त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेली असावी लागते आणि आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा उमेदवार आणि कंपनी यांनी मिळून भरावा लागतो. हेही एक वाक्य वाढवणारं पत्रच, फक्त वाचणारा वेगळा.

आणि मुद्दा सापडलाच नाही तर? मुलाखत सगळी साचेबंद झाली, समोरच्याने स्वतःच्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही, असंही होतं. तेव्हा दोन ओळींचे आभार पाठवावे आणि थांबावं. ओढून आणलेला मुद्दा वाचताच कळतो: कंपनीच्या संकेतस्थळावरची बातमी उचललेली असते, किंवा उद्योगाच्या भवितव्यावर विजेच्या गाड्यांचं प्रवचन असतं. मुलाखतीत एखादं उत्तर खरंच चुकलं असेल, तर मात्र ते दुरुस्त करणं हा मुद्दा होऊ शकतो, पण तो तीन वाक्यांत आणि माफीनाम्याशिवाय. किरकोळ चूक असेल तर तिची आठवणही करून देऊ नये. समोरच्याने ती टिपलीच नव्हती असं पुष्कळदा असतं. सरकारी विभाग, विद्यापीठ किंवा शाळा-मंडळाच्या मुलाखतीत पॅनेलला मुलाखतीपलीकडचं काही विचारात घेता येत नसेल, तर तिथेही आभारावरच भागवावं.

उत्तर आलं नाही याचा अर्थ लावत बसण्यात हशील नाही. बहुतेक मॅनेजर वाचतात आणि गप्प राहतात. काहींना एचआरनेच उमेदवारांशी परस्पर पत्रव्यवहार करू नका म्हणून सांगितलेलं असतं. मुद्दा लागला की नाही हे पुढच्या फेरीत कळतं, कारण दुसरा माणूस बोलायला सुरुवातच तिथून करतो. कधी उत्तर येतंही, आणि ते विरोधात असतं. समजा, वरच्या उदाहरणात मॅनेजरने लिहिलं, ‘भाग आम्ही आदल्या रात्रीच आत आणून ठेवतो, तापमान पाहून झालंय.’ इथे वाद घालण्याचा मोह होतो. त्याऐवजी दोन ओळी लिहाव्या: ‘मग माझा अंदाज तुमच्या बाबतीत लागू होत नाही. पुरवठादाराचा चाचणी-दाब आणि स्थिरावण्याचा वेळ तुमच्याशी जुळतो का, हे मी पुढे पाहिलं असतं.’ त्यावर तो बहुतेक काही लिहिणार नाही. तरी पुढची ईमेल पाठवू नये.